गाडी भंगारात गेली, पण नाव कागदावरच राहिलं

मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावरून आम्ही जुनी गाडी मोडीत काढण्याबद्दल बोललो, तेव्हा अनेकींनी विचारलं की हे लिहून मिळेल का. म्हणून ते बोलणं इथे देत आहोत. रेडिओवर वेळ कमी होता, इथे थोडं सावकाश सांगता येईल.

थेरगावात गल्लीत फिरलात तर एक गोष्ट दिसेल. डांगे चौकापासून आत गणेशनगरकडे या, किंवा पवनेच्या बाजूला जा. दर चार-पाच इमारतींमागे एखादी गाडी धूळ खात उभी असते. चाकं बसलेली, काचेवर कुणीतरी बोटानं नाव लिहिलेलं, खाली मांजरीची पिल्लं. आपल्या भागात घरटी कुणीतरी कंपनीत, नाहीतर कंपन्यांना काहीतरी पुरवण्याच्या धंद्यात. त्यामुळे गाडी घेतली गेली, वापरली गेली, आणि एके दिवशी उभी राहिली ती राहिलीच. यातल्या बऱ्याच गाड्या घरातल्या पुरुषाच्या नावावर असतात, आणि त्यातल्या काहींचा मालक आता हयात नाही. अशा गाडीचं काय करायचं, हा प्रश्न शेवटी घरातल्या बाईसमोर येतो. म्हणून आज अशाच एका गाडीची गोष्ट सांगतो.

आमच्या बचत गटातल्या एक वहिनी आहेत. नाव सांगत नाही. त्यांचे यजमान ओम्नी व्हॅनमधून भोसरी आणि चाकणच्या कंपन्यांना डबे पोचवायचे. गाडी २००८ सालची, कर्जावर घेतलेली. यजमान २०२२ मध्ये वारले. पुढच्या वर्षी गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षंही संपली. तेव्हापासून गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात उभी होती. शेवटी सोसायटीनं नोटीस लावली की गाडी हलवा.

त्याच आठवड्यात एक भंगारवाला दारात आला. म्हणाला, "ताई, बावीस हजार देतो, आत्ता रोख. आरसी आणि चावी द्या, बाकी आम्ही बघतो." वहिनींना मुलाच्या फीसाठी पैशांची गरज होती. त्या होकार देणारच होत्या. पण त्या दिवशी गटाची बैठक होती, तिथे त्यांनी सहज विषय काढला, आणि आम्ही त्यांना एकच गोष्ट विचारली: "गाडी जाईल हो, पण आरटीओत ती कुणाच्या नावावर राहील?"

इथेच खरी मेख आहे. गाडी विकणं आणि गाडीची नोंदणी रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भंगारवाल्यानं गाडीचे तुकडे केले तरी सरकारच्या 'वाहन' या नोंदीत ती गाडी जिवंतच असते, आणि तिचा मालक म्हणून तुमच्या घरातल्या माणसाचं नाव असतं. त्यानं तुकडे केलेच नाहीत, नंबर प्लेट काढून दुसऱ्या गाडीला लावली, किंवा गाडी थोडी दुरुस्त करून दुसऱ्या जिल्ह्यात चालवायला दिली, तर? त्या गाडीचं चलन येणार तुमच्याकडे. त्या गाडीनं कुणाला धडक दिली तर पोलीस नोंद पाहून तुमच्याच दारात येणार. आणि सांगायला तुमच्याकडे काय? ना पावती, ना त्या माणसाचा पत्ता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या महापालिकेनं कुदळवाडी आणि चिखली भागातली हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, त्यात भंगाराची पुष्कळ गोदामं होती. अशा एखाद्या गोदामात कधीकाळी दिलेल्या गाडीचा पत्ता आज कुणाला विचारणार?

आता एक गैरसमज आधीच दूर करूया. पुष्कळ जणी विचारतात की पंधरा वर्षं झाली की गाडी मोडावीच लागते का? आपल्याकडे खासगी गाडीला तसं बंधन नाही. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा जो निर्णय आपण बातम्यांत ऐकतो, तो दिल्ली आणि तिच्या आसपासच्या प्रदेशाचा. सरकारी मालकीच्या गाड्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवून मिळत नाही. आपली खासगी गाडी चांगली असेल तर तपासणी करून, नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पुढे वापरता येते. पंधरा वर्षांवरच्या कारसाठी हे नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं. त्यात पर्यावरण कर, उशीर झाला असेल तर त्याचा आकार, विमा आणि दुरुस्ती मिळवा. वहिनींच्या व्हॅनचा पत्रा गंजलेला, इंजिन बंद. तिच्यावर हा खर्च करण्यात अर्थ नव्हता. ती मोडीत काढायची हे ठरलं. प्रश्न होता तो कशी काढायची एवढाच.

केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२१ मध्ये यासाठी स्वतंत्र नियम केले. त्या नियमांखाली नोंदणी झालेल्या केंद्रातच गाडी मोडीत काढायची, असा त्याचा गाभा आहे. पुणे परिसरातही अशी केंद्रं आहेत, आणि गाडी ज्या राज्यात नोंदली असेल तिथल्याच केंद्रात न्यायला हवी असंही नाही. देशातल्या कुठल्याही नोंदणीकृत केंद्रात ती देता येते. केंद्रांची यादी आणि अर्ज दोन्ही `vscrap.parivahan.gov.in` या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. दुकानाबाहेर 'सरकारमान्य' अशी पाटी असणं पुरेसं नाही. या यादीत नाव आहे का, हे आधी पाहायचं.

या वाटेवर तीन कागद किंवा तीन टप्पे येतात. त्यांची गल्लत होते, म्हणून नीट लक्षात ठेवा. गाडी केंद्राच्या ताब्यात दिली की मिळतं ते ठेव प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'सीडी' म्हणतात. म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. तुमची गाडी अमुक तारखेला आमच्याकडे जमा झाली, असं ते सांगतं. त्यानंतर केंद्र गाडी खरोखर सुटी करतं, आणि मग तयार होतं ते वाहन मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र. आणि शेवटचा टप्पा म्हणजे आरटीओच्या नोंदीत त्या गाडीची नोंदणी रद्द होणं. पहिलं मिळालं म्हणजे तिसरं झालं, असं नाही. बाळ जन्मल्यावर दवाखान्याचा कागद मिळतो, पण महापालिकेचा दाखला वेगळा काढावा लागतो ना, तसंच हे.

आता वहिनींची गाडी कुठे कुठे अडली ते सांगतो, कारण तुमचीही बहुधा तिथेच अडेल.

आम्ही पहिल्यांदा आरसी हातात घेतली आणि तीन ठिकाणी बोट ठेवलं: मालकाचं नाव, नोंदणीची मुदत, आणि कर्ज देणाऱ्याचं नाव. मालक म्हणून यजमानांचं नाव होतं. मुदत संपलेली होती. आणि कर्जाच्या रकान्यात एका फायनान्स कंपनीचं नाव होतं. वहिनी म्हणाल्या, "अहो, कर्ज तर २०१२ सालीच फिटलं! शेवटचा हप्ता भरल्यावर ह्यांनी घरी पेढे आणले होते." खरंच फिटलं होतं. पण हप्ते संपले की आरसीवरचा बोजा आपोआप जातोच असं नाही. तो उतरवून घ्यावा लागतो, आणि तेव्हा ते कुणी केलं नव्हतं.

याचं महत्त्व असं की मोडीसाठी अर्ज केला की 'वाहन'च्या नोंदीवर चार गोष्टी तपासल्या जातात. गाडीवर कर्जाचा बोजा नको. गाडीवर गुन्ह्याची नोंद नको, म्हणजे ती चोरीची किंवा एखाद्या गुन्ह्यात हवी असलेली नको. गाडीवर काही थकबाकी नको. आणि आरटीओनं ती काळ्या यादीत टाकलेली नको. यातलं एक जरी अडलं तरी अर्ज पुढे जात नाही. म्हणून गाडी उचलायला माणूस बोलावण्याआधी हे चारही पाहून घ्यायचे.

बोजा उतरवायला फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं आणि फॉर्म ३५ लागतो, ज्यावर कर्ज देणाऱ्याची सही-शिक्का असतो. वहिनींची ती कंपनी आता दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. मग नव्या कंपनीच्या शाखेत जाऊन जुना कर्ज क्रमांक, आरसीची प्रत आणि मृत्यूचा दाखला दिला. दोन फेऱ्या आणि पंधरा दिवस गेले, पण पत्र मिळालं. एक सूचना लक्षात ठेवा: अशा पत्रावर तारीख असते, आणि बऱ्याचदा मुदतही छापलेली असते. ते पत्र कपाटात ठेवून विसरलात तर पुन्हा नवं आणावं लागेल. मिळालं की लगेच वापरायचं. फॉर्मच्या आणि पत्राच्या झेरॉक्स काढून ठेवायच्या.

चलनं पाहिली तर दोन निघाली, एक वेग ओलांडल्याचं, एक चुकीच्या जागी गाडी लावल्याचं. ती भरली आणि पावत्या जपून ठेवल्या.

त्यानंतरचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. मालक हयात नसताना गाडी देणार कोण? कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर गाडी वारसाच्या ताब्यात आली की त्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि पुढे फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं असतं. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचतं? वहिनींनाही सुचलं नव्हतं. आता तीन वर्षांनी नाव लावायला जावं तर विम्याचा कागद मागणार, आणि गाडीचा विमा तर कधीच संपलेला. मोडायच्या गाडीचा विमा काढायचा का, हा पेच होता.

म्हणून आम्ही आधी केंद्रालाच फोन करायला सांगितला. विचारायचं ते अगदी नेमकं: "मालक वारलेले आहेत. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद दिले तर तुम्ही गाडी घ्याल का, की आधी आरटीओत वारसाचं नाव लावून यायचं?" दोन केंद्रांना विचारलं. एकानं सांगितलं, आधी नाव लावा. दुसऱ्यानं कागदांची यादी पाठवली आणि सांगितलं की पूर्ण असतील तर घेऊ. हा फोन आधी केला नसता तर वहिनींचा विम्यावर खर्च झाला असता. तुमच्या वेळी दोन्हीकडे पहिलंच उत्तर मिळालं, तर मात्र मोशीला आरटीओत जाऊन नाव लावूनच पुढे जावं लागेल, हे धरून चाला.

वारसाच्या कागदांत एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. वहिनी म्हणाल्या, "मी आणि दोन मुलं, आम्हीच वारस." पण हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची आईसुद्धा पत्नी आणि मुलांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस असते. सासूबाई गावी दिरांकडे राहतात. त्यांची संमती घ्यायला हवी होती. सासूबाईंना फोन केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या लेकाची गाडी आहे, कुणाच्या हाती वाईट कामाला लागू देऊ नको. अंगठा पाठवते." दिरांनी प्रतिज्ञापत्र करून पाठवलं. कागद साधे असतात, पण ज्या घरात बोलणं बंद असतं तिथे हीच पायरी महिनोन्महिने अडते. तेव्हा हा विषय आधी काढा, गाडीच्या किमतीवर वाद सुरू होण्यापूर्वी.

पैशांचं पाहूया, कारण निर्णय शेवटी तिथे येतो. नोंदणीकृत केंद्र साधारणपणे वजनावर भाव धरतं. ओम्नीचं वजन पावणेआठशे-ऐंशी किलोच्या घरात. समजा गाडी ७८० किलो भरली आणि किलोला २५ रुपये भाव मिळाला, तर १९,५०० रुपये होतात. लोखंडाचा भाव रोज बदलतो, तेव्हा हा आकडा फक्त हिशेब कळण्यासाठी धरा. यातून कापलं काय जातं ते विचारायचं. गाडी ओढून नेण्याचा खर्च कुणाचा? बॅटरी नसेल तर किती कमी? सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का? त्यात मौल्यवान धातू असतो, म्हणून उभ्या गाड्यांमधून तो चोरीला जातो, आणि तो नसेल तर भाव उतरतो. वहिनींच्या गाडीची बॅटरी गेलेली होती, बाकी सगळं जागेवर होतं. वाहतूक केंद्राचीच ठरली आणि त्यांच्या खात्यावर १८,२०० रुपये आले.

म्हणजे भंगारवाल्यापेक्षा ३,८०० रुपये कमी. हे आम्ही लपवत नाही. भंगारवाला जास्त देतो कारण तो इंजिन, दरवाजे, काचा सुट्या विकतो, आणि काही वेळा गाडीचे कागदसुद्धा विकतो. हे ३,८०० रुपये कशाचे, हे आपण समजून घ्यायला हवं. यजमानांचं नाव सरकारी नोंदीतून नीट उतरण्याचे ते पैसे आहेत. आणि व्यवहार रोखीनं न होता खात्यावर झाला, ही शेवटपर्यंत टिकणारी पावती आहे.

गाडी देण्याच्या दिवशी काय करायचं ते क्रमानं सांगतो. नोंदणीची मुदत आणि विमा संपलेली गाडी स्वतः चालवत नेऊ नका, ती ओढूनच नेली पाहिजे. आधी गाडीतलं सामान काढा. वहिनींना सीटखाली यजमानांचा डब्यांच्या हिशेबाची वही सापडली. ती त्यांनी घरी ठेवली. गॅसचं किट बसवलेलं असेल तर केंद्राला आधी सांगा, टाकीत गॅस ठेवून गाडी देऊ नका. काचेवरचा फास्टॅग काढा आणि ज्या बँकेचा असेल तिथे कळवून तो बंद करा, नाहीतर खातं उगाच चालू राहतं. चारही बाजूंनी गाडीचे फोटो घ्या, नंबर प्लेट दिसेल असे. चेसिस क्रमांकाचाही फोटो घ्या. नंबर प्लेट आठवण म्हणून घरी ठेवायचा मोह होतो, पण ती गाडीबरोबरच द्या. मूळ आरसी द्यावी लागते, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंची प्रत आपल्याकडे राहू द्या आणि दिल्याची पोच घ्या.

आणि मग ठेव प्रमाणपत्र. ते हातानं लिहिलेलं नसतं, संकेतस्थळावरून निघतं. केंद्रानं लेटरहेडवर 'गाडी मिळाली' असं लिहून दिलं तर ते ठेव प्रमाणपत्र नव्हे. ते मिळालं की तिथेच उभं राहून आरसीच्या प्रतीशी जुळवायचं. गाडीचा नंबर, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, मालकाचं नाव, तारीख. चेसिस क्रमांक लांबलचक असतो, एक एक अक्षर बोट ठेवून वाचा. एका अक्षराची चूक असेल तर ती त्या दिवशी सुधारून मिळते. सहा महिन्यांनी तीच चूक डोकेदुखी होते. प्रमाणपत्र किती काळ चालेल याची मुदतही पाहून ठेवा.

इथपर्यंत आल्यावर वहिनींच्या मुलाला वाटलं, झालं काम. तीन आठवड्यांनी आम्हीच त्याला म्हटलं, बाळा, नंबर टाकून बघ बरं. त्यानं 'वाहन'च्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला. `RC Status` या ओळीपुढे अजूनही `ACTIVE` असंच होतं. म्हणजे गाडी कागदोपत्री जिवंत. केंद्राला फोन केला तेव्हा कळलं की गाडी सुटी करून झाली होती, पण मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र चढवायचं राहून गेलं होतं. दोन दिवसांत ते चढलं आणि त्याची प्रत मिळाली.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं. केंद्राकडून नोंद जाते हे खरं, तरी आम्ही वहिनींना लेखी अर्ज करायलाच सांगितलं. साधा अर्ज होता. गाडी क्रमांक, चेसिस क्रमांक, कुठल्या तारखेला कुठल्या केंद्रात दिली ते, आणि नोंदणी रद्द करावी ही विनंती. सोबत दोन्ही प्रमाणपत्रांच्या प्रती, आरसीची प्रत, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. पुढे काही निघालंच, तर "मी कळवलं होतं" हे दाखवायला तो शिक्का कामी येतो. काही दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा `ACTIVE` गेलं होतं आणि नोंदणी रद्द झाल्याचं दिसत होतं. वहिनींनी त्या पानाचा फोटो काढून ठेवला. काम इथे संपलं, प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी नव्हे.

राहिला प्रश्न त्या ठेव प्रमाणपत्राच्या फायद्याचा. नवी गाडी घेताना ते दाखवलं की नोंदणी शुल्क माफ होतं आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. आपल्या राज्यात ही सवलत आधी दहा टक्के होती, २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ती पंधरा टक्के करायचं ठरवलं. ही सवलत करावर आहे, गाडीच्या किमतीवर नाही, हे नीट ऐका. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला अकरा टक्के कर धरला, आणि करासाठी धरलेली किंमत सहा लाख असली, तर कर होतो ६६,००० रुपये. त्याचे पंधरा टक्के म्हणजे ९,९०० रुपये वाचतात. भंगारवाल्याचे ते जादा ३,८०० इथे भरून निघतात, पण गाडी घेणार असाल तरच.

दोन अटी आहेत. नवी गाडी मोडलेल्या गाडीच्याच प्रकारची हवी आणि दोन वर्षांच्या आत घेतलेली हवी. वहिनींच्या मुलाला घ्यायची होती स्कूटर. व्हॅनच्या प्रमाणपत्रावर स्कूटरला ही सवलत नाही. तो थोडा हिरमुसला. पण हे प्रमाणपत्र नियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं दुसऱ्याच्या नावावर करता येतं. दिरांना पुढच्या वर्षी कार घ्यायची आहे. आम्ही त्यांना सांगितलं, प्रमाणपत्र नावावर करून घेण्याआधी आरटीओत आणि गाडीच्या शोरूममध्ये विचारून घ्या की हस्तांतरित प्रमाणपत्रावर कराची सवलत लावून देतील ना. काही कंपन्या अशा प्रमाणपत्रावर स्वतःची सूटही देतात, तीही बिल करण्याआधी विचारायची. एकदा वापरलं की ते प्रमाणपत्र पुन्हा चालत नाही. कुणाला फोटो पाठवताना हे ध्यानात ठेवा.

एका ताईंनी फोनवर विचारलं होतं, "आम्ही तर तीन वर्षांपूर्वीच बाइक भंगारात दिली, काहीच कागद नाही. आता काय?" ताई, आधी गाडीचा नंबर टाकून नोंद पाहा. `ACTIVE` असेल तर आरटीओला लेखी कळवा की गाडी अमुक सुमारास अमुक ठिकाणी दिली, आमच्या ताब्यात नाही. चलनं नियमित पाहा. तुम्ही न गेलेल्या गावचं चलन आलं, तर ती गाडी कुणीतरी चालवतंय असं समजा आणि चलनावरचा फोटो घेऊन त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. नोंदणी रद्द होणं तुमच्या बाबतीत अवघड जाईल, कारण गाडी मोडल्याचा पुरावाच नाही. पण तुम्ही कळवल्याची तारीख तरी तुमच्या बाजूनं राहील.

वहिनींच्या सोसायटीतली ती जागा आता मोकळी आहे. हिशेबाची वही मात्र घरात आहे. मागच्या पानावर यजमानांनी लिहून ठेवलेलं त्यांना दिसलं, व्हॅनच्या कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची तारीख, आणि खाली, "बोजा उतरवणे बाकी."

तुमच्या घरी कपाटात आरसी असेल, तर आज एकदा काढून पाहा. कर्जाचा रकाना तेवढा आधी वाचा. काही अडलं तर केंद्राच्या पत्त्यावर लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू.